उभ्या स्लूस गेटवरील पाण्याचे परिणामी बल आणि त्याची क्रियारेषा : पहिल्यांदाच हिशेब करणाऱ्यांसाठी

बंद असलेल्या उभ्या स्लूस गेटच्या एका अंगाला पाणी साठलेले असते, तेव्हा ते पाणी गेटला आडवे ढकलत असते. या ढकलण्याविषयी दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. पहिला प्रश्न असा की एकूण बल किती, आणि दुसरा असा की ते सगळे बल एकाच रेषेत लावायचे ठरवले तर ती रेषा गेटच्या कोणत्या उंचीवरून जाईल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना लगेच जमते. दुसऱ्याचे उत्तर काढताना मात्र अनेकजण बल गेटच्या मध्यावर ठेवून मोकळे होतात, आणि मग खालच्या चाकांवर किंवा खालच्या तुळईवर प्रत्यक्षात येणारा भार कागदावर दिसतच नाही. म्हणून या लेखात पहिल्या प्रश्नापेक्षा दुसऱ्याला अधिक जागा दिली आहे.

संपूर्ण लेखात एकच उदाहरण घेऊ. गेट आयताकृती आहे, २ मीटर रुंद आणि १.५ मीटर उंच. ते उभ्या खाचांमधून वर-खाली सरकते आणि बंद असताना त्याची खालची कड उंबरठ्यावर टेकलेली असते. उंबरठ्यापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतची उंची ४ मीटर आहे, म्हणजे गेटची वरची कड पाण्याखाली २.५ मीटरवर आहे. वरच्या कडेच्या वर काँक्रीटची भिंत असून गेटच्या दुसऱ्या अंगाला तूर्त पाणी नाही.

मोजमापे घेताना

हिशेब सुरू करण्यापूर्वी एक साधी उभी आकृती काढावी. तिच्यात उंबरठा, गेटची वरची कड आणि पाण्याची पातळी या तीन आडव्या रेषा दाखवाव्यात आणि सर्व उंच्या उंबरठ्यापासून मोजून लिहाव्यात. यात घाई करू नये, कारण पुढच्या चुकांपैकी बऱ्याच चुका इथेच जन्म घेतात. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या मोजपट्टीचा शून्य उंबरठ्याच्या पातळीवरच असतो असे नाही. एकदा मी स्वतः मोजपट्टीवरचा आकडा थेट खोली म्हणून घेतला होता. पट्टीचा शून्य उंबरठ्यापेक्षा ६० सेंटिमीटर वर होता, त्यामुळे सगळे बल कमी निघाले, आणि हिशेब स्वतःशी पूर्ण सुसंगत असल्यामुळे ती चूक आकडेमोड तपासून सापडली नाही, तर जागेवर जाऊन टेप लावल्यावर सापडली.

दुसरी काळजी रुंदीची. पाणी ज्या क्षेत्रावर दाब देते ते क्षेत्र भिंतीतल्या मोकळ्या जागेएवढे नसून रबरी सीलने बंदिस्त केलेले क्षेत्र असते. सील सहसा मोकळ्या जागेच्या थोडे बाहेर बसते, त्यामुळे डाव्या सीलच्या स्पर्शरेषेपासून उजव्या सीलच्या स्पर्शरेषेपर्यंतचे अंतर हीच हिशेबाची रुंदी धरावी. उंचीचेही तसेच आहे. आपल्या उदाहरणातील २ मीटर आणि १.५ मीटर ही मापे सील ते सील अशीच आहेत असे समजा.

दोन कडांवरचा दाब

स्थिर पाण्यात कोणत्याही बिंदूवरचा दाब हा त्या बिंदूच्या वर असलेल्या पाण्याच्या उभ्या खोलीवर अवलंबून असतो आणि खोलीच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत जातो. गेटच्या मागे मैलोन्‌मैल पसरलेला जलाशय असो किंवा चार हात लांबीचा हौद असो, खोली तीच असेल तर दाबही तोच. सायमन स्टेव्हिन यांनी ही गोष्ट १५८६ मध्येच मांडली होती, तरीही नवख्या माणसाला जलाशयाचा विस्तार पाहून गेटवर जास्त भार येत असेल असे वाटतेच. हा विचार हिशेबात शिरू देऊ नये.

गोड्या पाण्यासाठी दर मीटर खोलीला दाब ९.८१ किलोपास्कलने वाढतो. एक किलोपास्कल म्हणजे एका चौरस मीटरवर एक किलोन्यूटन. हवेचा दाब पाण्याच्या पृष्ठभागावरही असतो आणि गेटच्या कोरड्या अंगावरही असतो, त्यामुळे तो दोन्हीकडून कटतो आणि आपण तो सोडून देतो.

वरच्या कडेवर खोली २.५ मीटर आहे, म्हणून तिथला दाब ९.८१ × २.५ = २४.५२५ किलोपास्कल. खालच्या कडेवर खोली ४ मीटर आहे, म्हणून तिथला दाब ९.८१ × ४ = ३९.२४ किलोपास्कल. आता आकृतीत गेटच्या शेजारी हे दोन दाब आडव्या रेघांनी प्रमाणात काढून त्यांची टोके सरळ रेषेने जोडावीत. जो समलंब चौकोन तयार होतो तीच दाबाची आकृती. ती डोळ्यांसमोर ठेवली तर पुढचा जवळजवळ सगळा हिशेब नुसत्या भूमितीचा होऊन जातो. दोन दाबांमधील फरक १४.७१५ किलोपास्कल आहे, आणि हा आकडा लक्षात ठेवावा, कारण तो पाण्याच्या पातळीवर अवलंबून नसून केवळ गेटच्या दीड मीटर उंचीवर अवलंबून आहे.

एकूण बल

दाब सरळ रेषेत वाढत असल्यामुळे आणि गेट आयताकृती असल्यामुळे सरासरी दाब म्हणजे दोन कडांवरच्या दाबांची सरासरी. ती येते ३१.८८ किलोपास्कल. हाच दाब गेटच्या बरोबर मध्यावर, म्हणजे पाण्याखाली ३.२५ मीटरवर, प्रत्यक्ष असतो. गेटचे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर आहे, म्हणून

९.८१ × ३.२५ × ३ = ९५.६५ किलोन्यूटन

हे झाले परिणामी बल. ९.८१ बाजूला ठेवून पाहिले तर ३.२५ × ३ = ९.७५ घनमीटर पाणी, म्हणजेच पावणेदहा टन वजनाएवढे बल गेटला आडवे रेटत आहे. मी प्रत्येक हिशेबात हा टनांचा आकडा शेजारी लिहून ठेवतो, कारण किलोन्यूटनमध्ये दशांश चिन्ह चुकले तर ते डोळ्यांना खटकत नाही, पण दीड मीटर उंचीच्या गेटवर एक टन किंवा शंभर टन आले तर ते चटकन खटकते.

बलाची दिशा गेटच्या पृष्ठभागाला काटकोनात असते, कारण स्थिर पाणी पृष्ठभागाला समांतर ओढू शकत नाही. गेट उभे आहे, म्हणून बल पूर्णपणे आडवे.

ते बल कुठे लागते

इथे थोडे थांबून विचार करावा. मध्यबिंदूवरचा दाब वापरून आपण बलाचे मान काढले, त्यामुळे बलही मध्यबिंदूवरच लागत असेल असे मनात येते. परंतु दाबाची आकृती खाली रुंद आणि वर अरुंद आहे. गेटच्या खालच्या अर्ध्या भागावर वरच्या अर्ध्या भागापेक्षा जास्त बल येते, म्हणून परिणामी बल मध्यापेक्षा खाली असलेच पाहिजे. किती खाली, हे काढण्याचा सर्वांत समजण्यासारखा मार्ग असा आहे की समलंब चौकोनाचे दोन तुकडे करावेत, एक आयत आणि एक त्रिकोण.

आयताचा दाब सगळीकडे सारखा, २४.५२५ किलोपास्कल. त्याचे बल २४.५२५ × ३ = ७३.५७५ किलोन्यूटन, आणि सारख्या दाबाचे बल मध्यावरच लागते, म्हणजे उंबरठ्यापासून ०.७५ मीटर उंचीवर. त्रिकोणाचा दाब वरच्या कडेवर शून्यापासून सुरू होऊन खालच्या कडेवर १४.७१५ किलोपास्कलपर्यंत जातो. त्याचे बल त्या दाबाच्या निम्म्याने, म्हणजे सरासरी दाबाने, ७.३५७५ × ३ = २२.०७२५ किलोन्यूटन, आणि ते त्रिकोणाच्या पायापासून एक तृतीयांश उंचीवर लागते, म्हणजे उंबरठ्यापासून ०.५ मीटरवर.

आता दोन्ही बलांची आघूर्णे, ज्यांना वर्गात आणि कार्यालयात सर्रास मोमेंट म्हटले जाते, उंबरठ्याभोवती घ्यावीत. आयताचे ७३.५७५ × ०.७५ = ५५.१८ आणि त्रिकोणाचे २२.०७२५ × ०.५ = ११.०४, मिळून ६६.२२ किलोन्यूटन-मीटर. परिणामी बलाने त्याच उंबरठ्याभोवती तेवढेच आघूर्ण दिले पाहिजे, म्हणून त्याची उंची

६६.२२ ÷ ९५.६५ = ०.६९२ मीटर

म्हणजे क्रियारेषा उंबरठ्यापासून ६९.२ सेंटिमीटर उंचीवरून, पाण्याखाली ३.३०८ मीटरवरून जाते. गेटच्या मध्यापासून ती ५.८ सेंटिमीटर खाली आहे. क्रियारेषा गेटला जिथे छेदते त्या बिंदूला दाबकेंद्र म्हणतात. गेट डावी-उजवीकडे सममित असल्यामुळे हा बिंदू रुंदीच्या मध्यावरच असतो, तिथे वेगळे काही काढावे लागत नाही.

हेच उत्तर सूत्रानेही येते. पूर्णपणे पाण्याखाली असलेल्या आयताकृती उभ्या गेटसाठी दाबकेंद्र मध्यापासून किती खाली आहे ते अंतर असे:

```
e = d² / (12 × h)
```

यात `d` ही गेटची उंची आणि `h` ही पाण्याच्या पृष्ठभागापासून गेटच्या मध्यापर्यंतची खोली. आपल्या आकड्यांनी १.५ × १.५ = २.२५, भागिले १२ × ३.२५ = ३९, म्हणजे ०.०५७७ मीटर. गेट गोल असेल तर बारा-भागाऐवजी त्रिज्येच्या वर्गाला चार आणि खोली यांच्या गुणाकाराने भागावे, बाकी विचार तोच राहतो. तरीही नव्याने शिकणाऱ्यांनी पहिल्या काही वेळा आयत आणि त्रिकोणाचीच वाट धरावी असे मी आग्रहाने सांगेन. सूत्र केव्हा लागू होते आणि केव्हा नाही हे त्या वाटेने गेल्याशिवाय नीट उमगत नाही.

पातळी बदलली तर काय बदलते

हा या विषयातला सर्वांत रोचक भाग आहे. पाण्याची पातळी उतरत उतरत बरोबर गेटच्या वरच्या कडेपर्यंत, म्हणजे उंबरठ्यापासून १.५ मीटरवर आली असे समजा. तेव्हा आयत नाहीसा होतो आणि फक्त त्रिकोण उरतो. बल २२.०७ किलोन्यूटन आणि क्रियारेषा ०.५ मीटरवर, म्हणजे मध्यापासून तब्बल २५ सेंटिमीटर खाली. पाणी २.५ मीटरवर असेल तर बल ५१.५० किलोन्यूटन आणि क्रियारेषा मध्याखाली १०.७ सेंटिमीटर. ४ मीटरवर आपण पाहिलेच, ५.८ सेंटिमीटर. पाणी १० मीटरवर गेले तर बल २७२.२ किलोन्यूटन होते आणि क्रियारेषा मध्याखाली जेमतेम २ सेंटिमीटर उरते.

पाणी जसजसे चढते तसतशी क्रियारेषा मध्याकडे सरकते, पण मध्यावर कधी पोहोचत नाही. आता यातल्या प्रत्येक जोडीचा गुणाकार करून पाहा. २२.०७ × ०.२५ = ५.५२. ५१.५० × ०.१०७१ = ५.५२. ९५.६५ × ०.०५७७ = ५.५२. चौथ्या जोडीचेही तेच. गेटच्या मध्याभोवतीचे आघूर्ण पाण्याच्या पातळीने अजिबात बदलत नाही.

याचे कारण दाबाच्या आकृतीतच आहे. पाणी चढले की वाढतो तो फक्त आयत, आणि आयताचे बल मध्यावरच लागत असल्याने मध्याभोवती त्याचे आघूर्ण शून्य. मध्याभोवती आघूर्ण देतो तो केवळ त्रिकोण, आणि त्रिकोणाचा आकार वरच्या-खालच्या कडांमधील दाबाच्या फरकाने ठरतो, जो गेटच्या उंचीपुरताच असतो. म्हणून पूर्ण बुडालेल्या गेटचा हिशेब करताना मी हा एक आकडा आधी काढून ठेवतो आणि मग कोणत्याही पातळीसाठी क्रियारेषा काढायची असेल तर ५.५२ ला त्या पातळीच्या बलाने भागतो. सूत्राने काढलेले उत्तर आणि हे उत्तर जुळले नाही, तर कुठेतरी खोली चुकली आहे हे निश्चित समजावे.

पाणी वरच्या कडेखाली गेले तर

वरचे सूत्र आणि वरचा स्थिर आकडा हे दोन्ही गेट पूर्ण बुडालेले असेपर्यंतच खरे आहेत. पाणी उंबरठ्यापासून १.२ मीटरवर आले तर गेटची वरची ३० सेंटिमीटर पट्टी कोरडी असते. अशा वेळी फक्त ओल्या भागाचाच विचार करावा. १.२ मीटर उंचीचा त्रिकोण, त्याचा सरासरी दाब ५.८८६ किलोपास्कल, ओले क्षेत्र २.४ चौरस मीटर, म्हणून बल १४.१३ किलोन्यूटन आणि क्रियारेषा १.२ च्या एक तृतीयांशावर, ०.४ मीटर.

इथे सवयीने संपूर्ण गेटचे क्षेत्रफळ आणि संपूर्ण गेटचा मध्य घेतला तर काय होते ते पाहण्याजोगे आहे. मध्याची खोली १.२ वजा ०.७५, म्हणजे ०.४५ मीटर येते, बल ९.८१ × ०.४५ × ३ = १३.२४ किलोन्यूटन येते आणि क्रियारेषा उंबरठ्यापासून ०.३३ मीटरवर येते. दोन्ही आकडे खऱ्या उत्तराच्या इतके जवळ आहेत की शंका येत नाही, आणि म्हणूनच ही चूक फसवी आहे. प्रत्यक्षात सूत्राने कोरड्या पट्टीवर ऋण दाब धरला, म्हणजे हवेत असलेली ती पट्टी जणू मागच्या बाजूला ओढली जात आहे असे मानले. त्या काल्पनिक ओढीचे ०.८८ किलोन्यूटन खऱ्या बलातून वजा झाले. कोरडी पट्टी जितकी रुंद, तितकी ही चूक मोठी. ती ओळखण्याची खूण सोपी आहे: वरच्या कडेची खोली काढताना उत्तर ऋण आले की थांबावे आणि वरची कड म्हणून पाण्याची पातळीच घ्यावी.

दुसऱ्या अंगालाही पाणी असेल तर

बऱ्याच ठिकाणी गेटच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूच्या कालव्यातही पाणी उभे असते. ते गेटला उलट दिशेने ढकलते, त्यामुळे बल कमी होते हे उघड आहे. क्रियारेषेचे मात्र नवख्याला अपेक्षित नसते असे काहीतरी होते.

वरच्या बाजूला तेच ४ मीटर पाणी ठेवून खालच्या बाजूला उंबरठ्यावर १ मीटर पाणी आहे असे धरा. त्या पाण्याचे बल त्रिकोणाचे, ९.८१ × ०.५ × १ × २ = ९.८१ किलोन्यूटन, उंबरठ्यापासून ०.३३३ मीटरवर. निव्वळ बल ९५.६५ − ९.८१ = ८५.८४ किलोन्यूटन. उंबरठ्याभोवतीचे निव्वळ आघूर्ण ६६.२२ − ३.२७ = ६२.९५ किलोन्यूटन-मीटर. भागाकार केल्यावर क्रियारेषा ०.७३३ मीटरवर येते. म्हणजे खालच्या बाजूला पाणी आल्यामुळे क्रियारेषा चार सेंटिमीटर वर सरकली. उलटे पाणी गेटच्या तळाशी रेटते आणि वरच्या बाजूच्या पाण्याचा जो अधिक जोर तळाशी होता त्यातलाच काही खाऊन टाकतो, म्हणून हे घडते. इथे दोन क्रियारेषांची सरासरी काढणे किंवा दोन उंच्या एकमेकींतून वजा करणे पूर्णपणे चुकीचे आहे. वजाबाकी बलांची करावी, वजाबाकी आघूर्णांची करावी आणि उंची शेवटी भागाकाराने काढावी.

आता खालचे पाणी आणखी चढून २ मीटर झाले, म्हणजे गेट दोन्ही अंगांनी पूर्ण बुडाले. दोन्हीकडच्या पातळ्यांत २ मीटरचा फरक आहे आणि गेटच्या प्रत्येक उंचीवर तोच फरक आहे. म्हणून निव्वळ दाब वरपासून खालपर्यंत सारखाच, १९.६२ किलोपास्कल. निव्वळ बल ५८.८६ किलोन्यूटन आणि क्रियारेषा बरोबर मध्यावर, ०.७५ मीटर. मागे काढलेला ५.५२ चा आकडा इथे पुन्हा भेटतो. दोन्ही अंगांचे त्रिकोण सारख्याच आकाराचे असतात, दोन्हींचे मध्याभोवतीचे आघूर्ण ५.५२ च असते, दिशा उलट असते, म्हणून ते एकमेकांना पुरते संपवतात. बल मध्यावर लागते असे खात्रीने म्हणता येईल अशी या विषयातली ही एकच नेहमीची स्थिती आहे.

क्रियारेषा वापरायची कशी

क्रियारेषा कागदावर काढून ठेवण्यासाठी नसते. आपल्या गेटला दोन्ही बाजूंना दोन-दोन चाके आहेत असे समजा. खालची जोडी उंबरठ्यापासून ०.२ मीटरवर आणि वरची जोडी १.३ मीटरवर, म्हणजे दोन्ही जोड्या मध्यापासून सारख्याच अंतरावर आणि आपापसांत १.१ मीटरवर. पाणी पुन्हा ४ मीटरवर आणि खालची बाजू कोरडी.

खालच्या चाकांभोवती आघूर्ण घेतले तर वरच्या जोडीवरचा भार ९५.६५ × (०.६९२३ − ०.२) ÷ १.१ = ४२.८१ किलोन्यूटन येतो आणि उरलेला ५२.८४ किलोन्यूटन खालच्या जोडीवर येतो. बल मध्यावर ठेवले असते तर दोन्ही जोड्यांवर ४७.८२ असे समसमान भार आले असते, आणि खालची जोडी प्रत्यक्षापेक्षा ५ किलोन्यूटन कमी भारासाठी निवडली गेली असती.

या दोन जोड्यांमधील भाराचा फरक १०.०३ किलोन्यूटन आहे, आणि तो ५.५२ च्या दुपटीला १.१ ने भागूनही थेट मिळतो. पाणी गेटच्या वरच्या कडेपर्यंत उतरले तेव्हाही हा फरक तेवढाच राहतो. तेव्हा वरच्या जोडीवर ६.०२ आणि खालच्या जोडीवर १६.०५ किलोन्यूटन असतात. उथळ पाण्यात एकूण भार कमी असला तरी त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश खालची जोडी एकटी उचलते. म्हणून चाकाची ताकद सर्वांत खोल पाण्यासाठी तपासावीच, पण गेट खाचेत कसे बसते, वरची चाके रुळाला नीट टेकून राहतात का, वरचे सील पुरेसे दाबले जाते का, हे प्रश्न पाहताना उथळ पाण्याची स्थितीही तपासावी.

चाके नसून गेट खाचेच्या पृष्ठभागावर घासत सरकत असेल, तर उचलण्यासाठी लागणाऱ्या जोरात घर्षणाचा वाटा एकूण बलावर अवलंबून असतो, क्रियारेषेवर नाही. घर्षण गुणांक ०.४ धरला तर ९५.६५ × ०.४ = ३८.३ किलोन्यूटन फक्त घर्षणापायी लागतील, त्यात गेटचे स्वतःचे वजन वेगळे मिळवायचे. ०.४ हा आकडा केवळ उदाहरणासाठी आहे. प्रत्यक्ष गुणांक घासणाऱ्या दोन पदार्थांवर आणि त्यांच्या अवस्थेवर ठरतो, आणि बराच काळ न हललेल्या गेटला सुरुवातीचा झटका देताना तो चालत्या गेटपेक्षा जास्त असतो.

हा हिशेब कुठवर चालतो

वरचे सर्व काही पाणी स्थिर आहे या एका गृहीतावर उभे आहे. बंद गेटसाठी ते बरोबर आहे. पाण्यात गाळ तरंगत असेल तर ९.८१ च्या जागी त्या गढूळ पाण्याचे एकक वजन घ्यावे, म्हणजे सर्व बले त्याच प्रमाणात वाढतील पण क्रियारेषा जागची हलणार नाही, कारण सूत्रात पाण्याचे वजन येतच नाही. मात्र गाळ तळाशी बसून गेटला टेकला असेल, तर त्याचा दाब वेगळा काढून, त्याच्या स्वतःच्या उंचीवर, वेगळा मिळवावा लागतो.

गेट थोडेसे उचलले की मात्र चित्र पालटते. खालच्या कडेखालून पाणी वेगाने निसटू लागते, आणि जिथे वेग वाढतो तिथे दाब घटतो. पूर्वी सर्वांत मोठा दाब खालच्या कडेवर होता. आता तिथेच, कडेला लागून असलेल्या पट्ट्यात, तो झपाट्याने खाली येतो आणि बाहेर मोकळी हवा असेल तर अगदी कडेवर शून्याजवळ पोहोचतो. दाबाची आकृती समलंब चौकोन राहत नाही. ती वरून खाली वाढत येऊन तळाशी आत वळते. म्हणून एकूण बल स्थिर पाण्याच्या हिशेबापेक्षा कमी भरते आणि क्रियारेषा वर सरकते. शिवाय खालच्या कडेचा आकार कसा आहे यानुसार गेटला खाली ओढणारे एक उभे बलही निर्माण होऊ शकते, जे बंद गेटच्या आडव्या बलाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. उचलयंत्राची क्षमता ठरवताना बंद स्थितीच्या ९५.६५ किलोन्यूटनमुळे होणारे घर्षण आणि गेटचे वजन मिळून सुरुवातीच्या क्षणाचा भार म्हणून घ्यावा, आणि उघडत्या गेटसाठी वाहत्या पाण्याचा हिशेब स्वतंत्रपणे करावा.